परिस्थिती, कृती, निकाल: मुलाखतीचा मार्कांचा कागद सात महिने वापरल्यावर

भोसरीतल्या आमच्या टर्निंग शॉपमध्ये एका शनिवाराआड मुलाखती असतात. पॅनेलवर आम्ही तिघं: प्रॉडक्शनकडून मी, क्वालिटीच्या मॅडम आणि एचआरचा एक तरुण मुलगा. पूर्वी उमेदवार बाहेर गेला की चहा यायचा आणि चहाबरोबर निकालही लागायचा. "पोरगा बरा वाटतोय", "बोलायला जरा कमी आहे", एवढ्यावर माणूस आत यायचा किंवा जायचा. सात महिन्यांपूर्वी एचआरने एक पानी कागद आणला. उमेदवाराने सांगितलेल्या प्रत्येक प्रसंगाला तीन रकान्यांत मार्क द्यायचे: परिस्थिती, कृती आणि निकाल. प्रत्येकी 1 ते 4, आणि प्रत्येक मार्कापुढे एका ओळीत कारण. पाचऐवजी चारच मार्क ठेवले, कारण पाचात मधला 3 असतो आणि दमलेला माणूस डोळे झाकून तोच देतो.

मूळ पद्धत अमेरिकेतल्या डीडीआय या कंपनीची, 1974 मधली. ती सहसा चार भागांत सांगतात, जबाबदारीचा भाग वेगळा. आम्ही तो परिस्थितीतच घातला. उमेदवार कुठे होता, काय अडलं होतं आणि त्यात त्याच्याकडे काय होतं, हे सगळं पहिल्या रकान्यात. यात काही बिघडलं नाही.

बिघडलं ते कारणाच्या ओळीत, आणि तेही माझ्याकडून. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी चाकणहून चार वर्षं अनुभवाचा एक जण आला होता. प्रश्न ठरलेला: ग्राहकाची तक्रार आली आणि ती तुम्ही सोडवलीत, असा एक प्रसंग सांगा. त्याचं उत्तर जवळजवळ शब्दशः असं:

"सर, मागच्या वर्षी कस्टमरकडून शाफ्टची कंप्लेंट आली. बेअरिंग बसत नव्हतं. मग आपण काय केलं, पहिलं मटेरियल होल्ड केलं, हंड्रेड परसेंट सॉर्टिंग केलं, रूट कॉज काढला, ॲक्शन घेतली. नंतर काय कंप्लेंट आली नाही."

मी तिन्ही रकान्यांत 3 दिले आणि कारण लिहिलं, "अनुभवी वाटतो". एचआरच्या मुलाने कृतीला 4 दिले, कारण "कॉन्फिडंट, मुद्देसूद". मॅडमनी 2, 2, 2 दिले होते. त्यांची कृतीपुढची ओळ मला आजही पाठ आहे: "सगळं केलं म्हणतो, कुणी केलं ते सांगितलं नाही."

ती ओळ वाचल्यावर लक्षात आलं की ही आपल्या भाषेचीच गंमत आहे. "सॉर्टिंग केलं, रूट कॉज काढला" यात कर्ता लागतच नाही. क्रियापद सॉर्टिंगप्रमाणे चालतं, करणारा गायब झाला तरी वाक्य बिनबोभाट उभं राहतं. त्यात "आपण" म्हणजे मी, आम्ही, तुम्ही, यांतलं काहीही असू शकतं. आणि सरळ "मी केलं" म्हणणं म्हणजे बढाई मारणं, असं घरातच शिकलेली मुलं "आम्ही"च म्हणतात. म्हणजे "आम्ही" म्हणणारा फुकटचं श्रेय घेतोय की संकोचतोय, हे उत्तर ऐकून कळत नाही. विचारावं लागतं. न विचारता कृतीला मार्क देणं म्हणजे अंदाजपंचे.

मॅडमनी विचारलं, "आपण म्हणजे कोण?" तो हसला, आणि खरी मुलाखत तिथे सुरू झाली. सॉर्टिंग कंत्राटी मुलांनी केलं होतं, हा फक्त देखरेखीला. रूट कॉज म्हणून सुपरवायझरने "ऑपरेटरचं दुर्लक्ष" लिहून टाकलं होतं. याला ते पटलं नाही. त्याने दोन आठवड्यांचे तासाच्या तपासणीचे कागद काढले. शाफ्टचा व्यास 25 मिलिमीटर, टॉलरन्स एच-6, म्हणजे माप 24.987 ते 25.000 च्या आतच हवं. इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं बदलतं टोक, नवीन लावला की माप मध्यावर असायचं आणि मग हळूहळू वर सरकायचं. बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्ट झिजला की तो तेवढं कमी कापतो आणि जॉब जाड राहतो. मग हा स्वतः मशीनपाशी उभा राहिला. नव्या इन्सर्टपासून दर दहावा नग मायक्रोमीटरने मोजला. साधारण 120 नगांनंतर माप वरच्या टोकाला टेकत होतं, आणि इन्सर्ट बदलायचा ठरलेला आकडा होता 200. त्याने 60 नगांवर ऑफसेट दुरुस्ती, म्हणजे झिजेइतकं मशीनचं सेटिंग सरकवणं, आणि 120 वर इन्सर्ट बदल सुचवला. इन्सर्टचा खर्च वाढतो म्हणून प्रॉडक्शनने आधी नाही म्हटलं. (प्रॉडक्शनवाले असंच म्हणतात, मीही म्हटलं असतं.) मग त्याने एका महिन्याच्या बाद नगांची किंमत आणि जादा इन्सर्टची किंमत शेजारी शेजारी लिहून दाखवली.

फरक पडला हे कशावरून कळलं, असं विचारल्यावर त्याने आकडे सांगितले. हजारात तीस-पस्तीस बाद होत ते चार-पाचावर आले, आणि तीन महिन्यांत ग्राहकाकडून एकही तक्रार नाही. आकडे महिन्याच्या रिजेक्शन शीटवरचे. पुढे टिकलं का? "माहीत नाही सर, मला दुसऱ्या लाइनवर टाकलं."

आता मार्क बदलले. परिस्थिती 3: "भाग, माप, तक्रार स्पष्ट, स्वतःची जबाबदारी विचारल्यावर सांगितली." कृती 4: "दर दहावा नग स्वतः मोजला, दुर्लक्षाचं कारण का नाकारलं ते सांगितलं." निकाल 3: "आधीचा-नंतरचा आकडा आणि तो कुठून आला ते दिलं, तीन महिन्यांपुढचं माहीत नाही." 4 न देण्याचं कारणही त्याच ओळीत आलं, त्यामुळे आमच्यात वाद झाला नाही. माणूस तोच, प्रसंग तोच. पहिल्या झटक्यात मी दिलेले 3 आणि हे 3 यांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नव्हता.

त्यानंतर आम्ही दोन नियम केले. कारणाच्या ओळीत उमेदवाराचे शब्द किंवा त्याने न सांगितलेली गोष्ट असलीच पाहिजे. "वाटतो", "चांगला", "कॉन्फिडंट" हे शब्द बाद. दुसरा नियम: तीन उपप्रश्न प्रत्येकाला विचारायचेच. तुमच्या हातून नेमकं काय झालं, तसंच का केलंत, आणि फरक पडला हे कशावरून कळलं. एकाला खोदून विचारायचं आणि दुसऱ्याला तसंच सोडायचं, हा त्या दुसऱ्यावर अन्याय आहे. पाठ करून आलेले उमेदवारही इथेच उघडे पडतात. एकाने परिस्थिती-कृती-निकाल घड्याळ लावल्यासारखं म्हणून दाखवलं, पण "तसंच का केलंत" म्हटल्यावर पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाला.

दोन महिन्यांनी मी माझेच जुने कागद चाळले. बहुतेक ठिकाणी तिन्ही रकान्यांत एकच आकडा: 3-3-3, नाहीतर 2-2-2. म्हणजे रकाने तीन असले तरी मी मार्क एकदाच देत होतो, माणसाला. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना गुण कसे देतात ते तपासलं, तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं: एक गुण आवडला की बाकीचेही वर चढतात. आता मी आधी ओळ लिहितो, मग आकडा. ओळीत सांगण्यासारखं काही नसेल तर हात आपोआप 1 किंवा 2 कडे जातो.

मार्क बोलून दाखवण्याचा घोटाळा वेगळाच. एका शनिवारी मी मोठ्याने "कृती तीन" म्हणालो आणि एचआरच्या मुलाने शेजारी बसून स्वतःचा 1 खोडरबरने पुसला. त्याचाच 1 बरोबर होता. तेव्हापासून पेन्सिल बंद. उमेदवार बाहेर गेल्यावर प्रत्येकाने पेनाने लिहून सही करायची आणि मगच तोंड उघडायचं. दोघांत 2 किंवा जास्त मार्कांचा फरक असेल तरच चर्चा, तीही ओळी वाचून.

तक्रारी आहेतच. सगळ्यात मोठी, तळाशी असलेल्या बेरजेच्या चौकटीबद्दल. 4-1-4 चे 9 होतात आणि 3-3-3 चेही 9. पहिल्याने मोठी अडचण आणि झकास निकाल सांगितला, पण त्यात त्याचा हात कुठे दिसला नाही. दुसऱ्याने साधं काम नीट केलं. बेरजेला दोघं सारखेच. आम्ही ती चौकट काट मारून बंद केली. कृती 2 च्या खाली असेल तर बाकीचे मार्क बघायचेच नाहीत.

निकालाच्या रकान्यावरून आमचं अजून एकमत नाही. मेंटेनन्ससाठी आलेल्या एकाने स्पिंडलच्या बेअरिंगचा आवाज ओळखून मशीन थांबवा असं लेखी कळवलं होतं. वरून ऐकलं नाही, स्पिंडल गेला, मशीन आठ दिवस बंद. एचआरचा मुलगा म्हणे निकाल 1, कारण नुकसान झालं. मी 3 दिले: "परिणाम वाईट, पण काय झालं, किती दिवस, हे न लपवता सांगितलं." माझ्या मते हा रकाना निकाल चांगला होता का यासाठी नसून, उमेदवाराने तो मोजला आणि खरा सांगितला का यासाठी आहे. नशिबाला मार्क द्यायचे नसतील तर दुसरा मार्ग नाही. मॅडम माझ्या बाजूने आहेत, तो मुलगा अजून नाही.

वेळही खातो हा कागद. एका प्रसंगाला उपप्रश्नांसकट दहा-बारा मिनिटं जातात, पाऊण तासात तीनच प्रसंग होतात. आणि नुकत्याच आयटीआय झालेल्या मुलांसाठी तो निरुपयोगी. त्यांच्याकडे सांगायला कॉलेजचा प्रोजेक्ट, तोही पाच जणांचा. त्यांच्या हातात मी मायक्रोमीटर आणि एक शाफ्ट देतो आणि पाच ठिकाणी माप घ्यायला सांगतो.

चाकणचा तो इंजिनिअर एप्रिलपासून आमच्याकडे आहे. परवा त्याने माझ्या टेबलावर एक शीट ठेवली, आमच्याच तीन नंबरच्या मशीनची, इन्सर्ट बदलाचा आकडा खाली आणण्यासाठी. मी खर्च वाढेल म्हटलं. त्याने कागद उलटा केला, मागे दोन्ही किमती शेजारी शेजारी लिहिलेल्या होत्या.