एकच पट्टी, तीन पाती: फ्लॅट, हॉलो की स्कँडी?

सुरी घेताना पोलाद कोणतं हे सगळे विचारतात. लाल भोपळ्यात सुरी रुतून बसते तेव्हा मात्र पोलादाचा संबंध नसतो. धारेपासून वर पाठीपर्यंत पातं किती झपाट्याने जाड होत जातं, यावर ते ठरतं, आणि पातं कसं घासून काढलंय त्यावर ही जाडी ठरते.

तुलना सरळ व्हावी म्हणून एकच पट्टी धरू: ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद. कंबरेला लावायच्या सुरीचं हे नेहमीचं माप. तिच्यातून तीन ग्राइंडची, म्हणजे तीन तऱ्हांनी घासलेली, पाती काढायची.

फ्लॅटमध्ये पाठीपासून धारेकडे दोन्ही बाजू सरळ उतरत येतात. धारेजवळ ०.४ मिमी जाडी उरली की तिथे दर बाजूला साधारण १७ अंशांची छोटी धार लावतात. हॉलोमध्ये बाजू चाकावर घासलेल्या असतात, म्हणून त्या आत खोलगट येतात. इथे १४ इंची चाक आणि धारेपासून २० मिमी उंचीपर्यंत खोलगटपणा धरला आहे. धारेजवळची जाडी आणि छोटी धार फ्लॅटसारखीच. (पात्यावर ओळीने खळगे असलेल्या सुऱ्यांना कधीकधी हॉलो म्हणून विकतात. ते खळगे चकत्या चिकटू नयेत म्हणून असतात, हा ग्राइंड नव्हे.) स्कँडीमध्ये पातं वरून पूर्ण जाडीचं खाली येतं आणि शेवटच्या टप्प्यात एकाच सपाट उतारावरून थेट धारेला मिळतं. वेगळी छोटी धार नाही. दर बाजूला साडेअकरा अंश धरले तर हा उतार सुमारे साडेसात मिमी रुंद येतो.

आता धारेपासून वर जाताना तिन्हींची जाडी हिशेबाने अशी पडते:

| धारेपासून उंची | फ्लॅट | हॉलो | स्कँडी |
|---|---|---|---|
| ५ मिमी | ०.९ मिमी | ०.६ मिमी | २.० मिमी |
| १० मिमी | १.४ मिमी | १.१ मिमी | ३.० मिमी |
| २० मिमी | २.५ मिमी | ३.० मिमी | ३.० मिमी |

चिरण्याचं जवळजवळ सगळं गणित या तक्त्यात आहे. गाजरावर स्कँडी चालवा: धार आत शिरते, पण पाच मिमी खाली जाईपर्यंत मागे दोन मिमीची पाचर आलेली असते. गाजर चिरलं न जाता ‘कट्’ आवाज करून फुटतं आणि चकतीची कड खडबडीत येते. टोमॅटो, पाव, मांस अशा मऊ वस्तूंना हे जाणवत नाही, कारण त्या बाजूला सरकून जागा देतात. म्हणून टोमॅटोवर सुरीची परीक्षा घेण्यात फारसा अर्थ नाही. गाजर किंवा सुरण घ्यावं.

हॉलो वरवरच्या कापात सर्वांत हलकी चालते. कातडी सोलणं, मासा साफ करणं, दोर कापणं ही तिची कामं. अडचण खोल कापात येते. भोपळ्यात ती सहज पंधरा मिमी शिरते आणि मग खोलगटपणा जिथे संपतो तो खांदा येऊन टेकतो. तिथून पुढे सुरी ढकलावी लागते, आणि ढकललेली सुरी निसटते. फ्लॅटचा विरोध सुरुवातीला किंचित जास्त असला, तरी तो एकसारखा वाढतो. मध्येच अडसर येत नाही. स्वयंपाकघरातली सुरी तर २ मिमी जाड आणि ४५ मिमी रुंद असते. तीही फ्लॅट काढली, की धारेपासून पाच मिमीवर जेमतेम अर्धा मिमी भरते, म्हणजे वरच्या हॉलोपेक्षाही पातळ. भाजीसाठी हॉलोचा आग्रह धरण्यात म्हणूनच हशील नाही.

लाकडावर हिशेब उलटतो. स्कँडीचा रुंद उतार लाकडावर टेकवून पुढे ढकलला की तो रंध्याच्या बुडासारखं काम करतो. साल किती जाड निघेल ते हाताला नेमकं कळतं. फ्लॅटच्या पाऊण मिमीच्या धारेला असा टेका नसतो. मोरा या स्वीडिश गावच्या स्वस्त सुऱ्या याच कामासाठी नावाजल्या. सुरीच्या पाठीवर दांडक्याने ठोकून काटक्या फोडायच्या असल्या, तरी जाड पाचरच हवी. सपासप घाव घालून तोडण्याचं काम मात्र तिन्हींचं नाही, त्याला कोयता. तरी घाव घातलाच तर हॉलो आधी हरते: धारेमागे आधाराला धातू कमी, त्यामुळे गाठीवर किंवा हाडावर धार वाकते, कडक पोलाद असेल तर तिचा टवका उडतो. स्कँडीलाही गाफील राहू नये. तिचं पातं दणकट असलं तरी टोकाचा कोन दोन्ही बाजू मिळून २३ अंशच आहे; वाळलेल्या बाभळीवर तिची धारही वळते. अशा वेळी तिला दर बाजूला १७ अंशांवर चार-पाच हलके हात देऊन बारीक दुसरी धार लावतात. थोडा काटेकोरपणा जातो, पण धार टिकते.

धार लावायला स्कँडी सर्वांत सोपी, असं सर्रास सांगतात. ते अर्धं खरं आहे. कोन शोधावा लागत नाही हे बरोबर: अख्खा उतार दगडावर बसवा, दोन बोटं त्यावर दाबा आणि घासा. पण धारेला अर्ध्या मिमीची खाच पडली, की साडेसात मिमी रुंदीच्या दोन्ही बाजू पूर्ण खाली न्याव्या लागतात. फ्लॅटच्या तुलनेत सहा-सात पट धातू घासायचा. हजार ग्रिटच्या दगडावर तासभर गेला तरी खाच हलत नाही. ३००-४०० ग्रिटच्या भरड दगडापासूनच सुरुवात करावी. दगड मध्ये झिजून खोलगट झाला असेल तर उतार गोलसर होतो आणि ‘कोन आपोआप’ हा फायदाच संपतो. उतारावर मार्करने रेघा ओढून चार हात मारून बघा. रेघ धारेलगत उरली असेल तर तुम्ही अजून धारेपर्यंत पोचलाच नाहीत.

फ्लॅट आणि हॉलोला कोन हातानेच धरावा लागतो. पाठीचा मध्य दगडापासून साधारण सात मिमी वर ठेवला की या २५ मिमीच्या पात्याला १७ अंश मिळतात. ४५ मिमीच्या सुरीला १५ अंशांसाठी जवळजवळ बारा. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला मुठीपासून टोकापर्यंत सलग खरखर लागली की बाजू बदला. टोकाकडे खरखर येत नसेल तर तिथे मूठ किंचित उचलायची राहिली आहे.

खरा फरक काही वर्षांनी दिसतो. झिजून दोन्ही पाती पाच मिमी वर सरकली, तर फ्लॅटची धारेमागची जाडी ०.४ वरून ०.९ मिमी होते, हॉलोची फक्त ०.६. म्हणजे ‘हॉलो लवकर जाड होते’ ही तक्रार पहिल्या निम्म्या आयुष्यात लागू नाही. पण जाड झालेली फ्लॅट घरी दुरुस्त होते: पातं दगडावर जवळजवळ आडवं ठेवून ३०० ग्रिटवर बाजू घासायच्या. हॉलो आडवी ठेवली तर दगड फक्त खांद्याला आणि धारेला लागतो, मधला खोलगट भाग तसाच राहतो. त्याला पुन्हा चाकच लागतं. न्हाव्याच्या वस्तऱ्यात हीच खोड सोय ठरते: पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, त्यामुळे पाठच कोन ठरवते.

दारावर सायकलचं चाक घेऊन येणाऱ्याकडे फ्लॅट खुशाल द्यावी, कडेला निळसर डाग पडू देऊ नये एवढं सांगून. तिथलं पोलाद तापून मऊ पडलेलं असतं. स्कँडी त्याला देऊ नये. तो सवयीने उभी छोटी धार काढून देईल आणि ती घालवायला दगडावर एक दुपार जाईल.