एक सवलत, एक बटण: जुन्या गिऱ्हाइकांना सेलचा ईमेल पाठवण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात आमचं टॉवेल-नॅपकिनचं छोटं दुकान आहे आणि गेली तीन वर्षं त्याची एक साधी वेबसाइटही आहे. गेल्या ऑक्टोबरपासून मी जुन्या गिऱ्हाइकांना हंगामाच्या सेलचे ईमेल पाठवते. पहिला दिवाळीचा, दुसरा संक्रांतीच्या वाणाचा, तिसरा उन्हाळ्यातल्या पंच्यांचा. संक्रांतीपासून एक नियम पाळला: ईमेलमध्ये सवलत एकच आणि करायची गोष्टही एकच. हा नियम वापरून काय झालं, कुठे फसले, ते लिहिते.

व्हॉट्सअॅप सोडून ईमेल कशाला, हे सगळे विचारतात. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो आणि एका यादीत २५६ च माणसं बसतात. वर्षातून एकदा वाण घेणारी ठाण्याची ताई आमचा नंबर कशाला सेव्ह करेल? तिचा ईमेल मात्र बिलामुळे आमच्याकडे असतो.

दिवाळीचा ईमेल मी हौसेने केला होता. चादरींवर १० टक्के, टॉवेलवर १५, दोन घेतल्यास तिसऱ्यावर अर्धी किंमत, चौदा फोटो आणि प्रत्येकाखाली बटण. ऑर्डरी आल्या सहा आणि फोन आले वीसेक, "नक्की कशावर किती कमी आहे हो?" असं विचारणारे. त्यात तो जीमेलमध्ये मधेच तुटत होता. ईमेलचा मजकूर आणि त्यामागची मांडणी मिळून १०२ केबीच्या पुढे गेली की जीमेल तिथेच थांबतं आणि खाली [Message clipped] असं दाखवतं. फोटो त्यात मोजले जात नाहीत, ते बाहेरून येतात. पण चौदा वस्तूंची चौदा चौकटींची मांडणी मोजली जाते, आणि देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा खाते. तुटलेल्या भागात शेवटची ओळ गेली, "यापुढे ईमेल नको असल्यास" ही. ती न सापडल्यामुळे काहींनी सरळ स्पॅमचं बटण दाबलं असणार, कारण पुढच्या आठवड्यात आमची साधी बिलंही लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागली.

त्याचं आणखी एक कारण नंतर कळलं. मी पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून दुकानाचा जीमेलचाच पत्ता टाकला होता आणि ईमेल जात होते एका वेगळ्या सेवेतून. म्हणजे पाकिटावर नाव एकाचं आणि टपालात टाकणारा दुसराच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झालेत. वेबसाइटच्या नावाचाच पत्ता घेऊन त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी केल्या की पाठवणारा खरा आहे हे समोरच्याला तपासता येतं. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने त्या अर्ध्या तासात केल्या. सेल कितीही चांगला असो, हे आधी.

आता संक्रांतीचा ईमेल. खरं शिकले ते इथे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त परत येणारं गिऱ्हाईक चादरीचं नसतं. सोलापुरी चादर दहा-दहा वर्षं हलत नाही, ती घेतलेल्या माणसाला पुढच्याच हिवाळ्यात परत चादर विकायला जाणं वेडेपणा. पण हळदीकुंकवाचं वाण दर वर्षी लागतं. म्हणून मागच्या दोन संक्रांतींना ज्यांनी नॅपकिन घेतले होते ते ४६० पत्ते वेगळे काढले आणि बाकी सगळे सोडून दिले. जावेला ते पटलं नाही. "यादी आहे दीड हजाराची, आणि तू पाठवणार एवढ्यांनाच?" पण बाकीच्यांसाठी ही सवलत नव्हतीच.

तारीख ठरवताना मागच्या वर्षीचं वेळापत्रक कामाचं नव्हतं. संक्रांत सूर्यावर चालते आणि रथसप्तमी तिथीवर, त्यामुळे मधले दिवस दर वर्षी वेगळे पडतात. २०२५ मध्ये १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असे २१ दिवस मिळाले होते. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली, म्हणजे जेमतेम ११ दिवस. उशिरा मागवून चालणार नव्हतं. कुरिअरला पाच दिवस आणि हाताशी दोन-तीन दिवस धरून मी ६ जानेवारी ही शेवटची तारीख ठरवली. "त्वरा करा" लिहायची गरजच उरली नाही, कारण तारखेमागे खरं कारण होतं आणि तेच लिहिलं. ईमेल गेला २३ डिसेंबरला, मंगळवारी दुपारी दोनला.

पूर्ण ईमेल एवढाच होता:

विषय: ३४ रुपयांत वाण: सोलापुरी नॅपकिन, ६ जानेवारीपर्यंत

नमस्कार,
मागे तुम्ही संक्रांतीच्या वाणासाठी आमच्याकडून नॅपकिन घेतले होते. यंदा २५ नॅपकिनचा संच १००० ऐवजी ८५० रुपयांना देतोय, म्हणजे एक वाण ३४ रुपयांना पडेल. ६ जानेवारीपर्यंत मागवलंत तर संक्रांतीआधी घरी पोचेल.
[ २५ चा संच मागवा ]
यंदा वाण नको असेल तर इथे कळवा, या हंगामात पुन्हा लिहिणार नाही.

एक फोटो, एक बटण. पहिल्या मसुद्यात विषयात "१५ टक्के सवलत" होतं. सासूबाईंनी वाचून विचारलं, "म्हणजे एक कितीला?" वाण घेणारी बाई टक्क्यांत मोजतच नाही. तिच्या डोक्यात बायका पन्नास आणि एका वाणाला इतके रुपये, असाच हिशोब असतो. शिवाय फोनवर विषयाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात, म्हणून ३४ अगदी पुढे आणला.

बटणाबद्दल एक गोष्ट. आधी ते वेबसाइटच्या पहिल्या पानावर जायचं, तिथे वस्तू शोधा, मग कूपन टाका. बऱ्याच जणी कूपनपाशीच अडल्या असत्या. आता बटण दाबलं की संच सवलतीच्या किमतीत पिशवीत आधीच पडलेला असतो, फक्त पत्ता आणि पैसे. लॉगिनची सक्तीही काढून टाकली. "एक कृती" म्हणजे एक बटण असं मी समजत होते. बटणानंतर आणखी चार कामं असतील, तर त्या एका बटणाला अर्थ नाही.

चुकाही झाल्या. डोंबिवलीच्या एका ताईंनी २२ तारखेला पूर्ण किमतीत दोन संच घेतले होते आणि २३ ला त्यांना सवलतीचा ईमेल गेला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं, पण बोचरं. ३०० रुपये परत केले. आता सेलच्या आधीच्या पंधरा दिवसांत ज्यांनी खरेदी केली त्यांना यादीतून काढते. ४ जानेवारीचा आठवणीचा ईमेलही ज्यांनी तोवर घेतलं नव्हतं त्यांनाच गेला.

दुसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही, कळत नाही. एकीने लिहिलं, "यंदा आमच्याकडे हळदीकुंकू नाही." कारण लिहिलं नव्हतं, पण मराठी घरात ते विचारावं लागत नाही. ईमेलमधली शेवटची ओळ मी यादी हलकी करायला घातली होती. ती खरी कुणासाठी असते, ते त्या दिवशी समजलं. अकरा जणींनी ती वापरली. नेहमीचं "ईमेल बंद करा" एवढंच असतं तर त्या कायमच्या गेल्या असत्या.

आता आकडे, आणि इथे माझा उत्साह थोडा उतरतो. ४६० पैकी ६० पत्ते मी चिठ्ठ्या काढाव्यात तसे बाजूला ठेवले आणि त्यांना ईमेल पाठवलाच नाही. ज्या ४०० जणींना गेला त्यांच्यापैकी ४४ जणींनी एकेक संच घेतला. मी खूश होते. पण त्या साठांतल्याही चौघी आपणहून आल्या आणि पूर्ण किमतीत घेऊन गेल्या. त्याच प्रमाणात बघितलं तर ४०० मधून ईमेल न पाठवताही सत्तावीस जणी आल्याच असत्या. एक संच आम्हाला ६०० ला पडतो. सवलतीत २५० सुटतात, पूर्ण किमतीत ४००. म्हणजे ईमेलसह ११,००० आणि ईमेलशिवाय साधारण १०,८००. आठवडाभराच्या धावपळीचे दोनशे रुपये! साठ हा आकडा लहान आहे, एखादी बाई कमी-जास्त झाली तरी हिशोब बदलतो, हे कबूल. तरी फक्त ४४ कडे बघून मी जी स्वतःची पाठ थोपटून घेणार होते, ते थांबलं.

ईमेल पाठवणाऱ्या सेवेच्या पानावर "६१ टक्के लोकांनी उघडला" असंही दिसत होतं. त्यावर जाऊ नका. सप्टेंबर २०२१ पासून आयफोनच्या मेल अॅपमध्ये खाजगीपणाची सोय आहे. ती चालू असेल तर माणसाने ईमेल न वाचताही आतले फोटो आधीच उतरवले जातात आणि तो उघडला असं मोजलं जातं. मी आता फक्त ऑर्डरी आणि बाजूला ठेवलेली यादी एवढंच बघते.

म्हणून उन्हाळ्यात किंमत उतरवली नाही. एप्रिलमध्ये पंचे घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना एकच सवलत दिली: चार पंचे घेतलेत तर कुरिअरचा खर्च आमचा. तो आम्हाला साधारण ८० रुपये पडतो, आणि एरवी एक-दोन घेणारा माणूस चारावर जातो. ऑर्डरी संक्रांतीपेक्षा कमी आल्या, सुटलेले पैसे जास्त. आठवणीचा ईमेल या वेळी पाठवला नाही, कारण उन्हाळ्याला संक्रांतीसारखी खरी शेवटची तारीख नसते आणि खोटी मला लिहायची नव्हती.

पुढच्या संक्रांतीचं आत्ताच ठरवतेय. यंदा अधिक महिना आल्यामुळे २०२७ ची रथसप्तमी १३ फेब्रुवारीला आहे, म्हणजे जवळजवळ महिनाभर हळदीकुंकू चालणार. जानेवारीत ज्या ईमेलांची उत्तरं आली त्यांत तीन जणींचं म्हणणं एकच होतं: पन्नास मोजले होते, बायका बासष्ट आल्या, आता दहा-बाराच नॅपकिन मिळतील का? तेव्हा आमच्याकडे २५ चाच संच होता. या वेळी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, ज्यांनी संच घेतलाय त्यांनाच, बाराच्या पुडक्याचा ईमेल जाईल. त्याच्या विषयात दोनच शब्द लिहायचेत: "वाण संपलं?"