प्लॉट, गाळा, गल्ली: भोसरी एमआयडीसीत आठ महिने लेखी पत्त्यावर फिरल्यानंतर

आमच्या वर्कशॉपमध्ये फक्त मशीनिंग होतं. झिंक प्लेटिंग, हार्डनिंग, वायरकट सगळं बाहेरून. नवीन जॉबवर्कवाला ठरला की पहिल्या खेपेला टेम्पोबरोबर मीच जातो. पूर्वी समोरच्याने पाठवलेल्या लोकेशनवर जायचो. पण लोकेशन बहुतेक वेळा प्लॉटच्या मधोमध पडतं आणि गेट निघतं मागच्या रस्त्याला. एकाने तर घरी बसूनच लोकेशन पाठवलं होतं. म्हणून गेले आठ महिने चलनावरचा पत्ता वाचूनच जातोय.

पहिली गोष्ट कळली ती ही, की पत्त्यातला सगळ्यात निरुपयोगी आकडा गाळ्याचा. सगळे मात्र तोच विचारत सुटतात. "गाळा नंबर चार कुठे?" याला उत्तर नाही, कारण गाळ्यांचे नंबर प्रत्येक प्लॉटमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात. आधी अक्षर बघायचं: एस ब्लॉक, जे ब्लॉक, डब्ल्यू, टी वगैरे. मग प्लॉट. गाळ्याचं नाव गेटच्या आत शिरल्यावरच काढायचं.

अक्षरावरूनच माझी एकदा चांगली जिरली. बिलावर पत्ता होता "एस. नं. ८८/३, गाळा ४, भोसरी" (आकडे बदलून लिहितोय). मी सरळ एस ब्लॉकमध्ये टेम्पो घातला, ८८ नंबरचा प्लॉट शोधला, आत चार नंबरचा गाळाही सापडला. तिथे पॅकिंगचं काम चाललं होतं. वाटलं, मालकाचे दोन धंदे असतील. फोन लावला तर तो म्हणतो, "हो हो, चार नंबर, शटर उघडंच आहे, या आत." मीही उघड्या शटरसमोरच उभा! दहा मिनिटं दोघंही बरोबर आणि दोघंही वैतागलेले. शेवटी त्याने विचारलं, "समोर वजनकाटा दिसतोय ना?" तेव्हा उजेड पडला. "एस. नं." म्हणजे सर्व्हे नंबर. त्याचं शेड एमआयडीसीच्या हद्दीबाहेर, गावाच्या बाजूला होतं.

खूण बिलावरच होती. पिनकोड ४११०३९ होता, म्हणजे भोसरी गाव. एमआयडीसीचा ४११०२६. शिवाय पत्त्यात "एमआयडीसी" आणि "ब्लॉक" हे दोन्ही शब्द नव्हते. आता सर्व्हे नंबर किंवा गट नंबर दिसला की मी पत्त्याच्या भरवशावर निघतच नाही. हे जमिनीच्या महसुली नोंदीचे नंबर. ते रस्त्याच्या कडेने ओळीने चालत नाहीत आणि एकाच गटात चार वेगवेगळ्या मालकांची शेड असू शकतात. तिथे वजनकाटा, देऊळ, चहाची टपरी हाच पत्ता.

एमआयडीसीच्या आत मात्र नंबर बऱ्यापैकी साथ देतात. माझी पद्धत साधी आहे. गेटच्या खांबावरचे लागोपाठचे दोन प्लॉट नंबर वाचायचे आणि नंबर चढतायत की उतरतायत ते ठरवायचं. समोरच्या बाजूवर विसंबायचं नाही. बऱ्याच ठिकाणी नंबर एका बाजूने शेवटपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने परत येतात, त्यामुळे चाळीसच्या समोर एकेचाळीस असेलच असं नाही. कोपऱ्यावरचा प्लॉट असला तर दोन्ही रस्ते बघायचे. नंबर एका रस्त्याच्या ओळीतला आणि गेट दुसऱ्या रस्त्याला, हे मला निदान पाच-सहा वेळा भेटलंय.

गल्लीचं म्हणाल तर ती फोनवर विचारायची गोष्ट. लोक म्हणतात "काट्याची गल्ली", "प्लेटिंगवाल्यांची गल्ली". पाटीवर असं काही लिहिलेलं नसतं, पण टेम्पोवाल्यांना पटकन कळतं.

गेटच्या आत वॉचमनला विचारण्याआधी मी लाइटच्या मीटरचं पॅनेल शोधतो. गाळ्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळे मीटर बहुधा एकाच ठिकाणी असतात आणि प्रत्येकावर रंगाने गाळ्याचा नंबर टाकलेला असतो. सात नंबर तिथे नसेल तर आपण चुकीच्या प्लॉटमध्ये असण्याची शक्यता मोठी. नंतर गाळ्याच्या दारावरच्या बोर्डावर जीएसटी नंबर बघायचा. तो बोर्डावर लावणं बंधनकारक आहे, आणि चलनावरच्या नंबरशी जुळला की माल उतरवायला हरकत नाही. बोर्डच नसेल तर आत सर्टिफिकेट लावलेलं असायला हवं.

अजून अडतं ते जोडलेल्या गाळ्यांपाशी. भिंत पाडून पाच आणि सहा एक केलेले असतात, बोर्डावर फक्त पाच, आणि सहाचं शटर कायमचं बंद. मी त्या बंद शटरवर दोनदा थापा मारून आलोय. आणि आतली गल्ली अरुंद असली तर टेम्पो वळत नाही, मग शेवटच्या गाळ्यापर्यंत रिव्हर्स घ्यावा लागतो. हे पत्त्यात कुणीच लिहीत नाही. म्हणून एकदा जाऊन आलो की चलनबुकाच्या मागे पेनाने लिहून ठेवतो: "मागचं गेट, पॅनेलपासून डावीकडे, शेवटून दुसरं शटर, गाडी उलटी घालणे." परवा मी सुट्टीवर होतो, ड्रायव्हर तेवढ्यावर एकटा जाऊन माल टाकून आला.