तिसरा गिअर उडतो: गिअरबॉक्स खोलायचा की दुसरा बसवायचा?

आमचा ट्रक फक्त तिसऱ्यात रडायचा आणि उतारावर पाय उचलला की गिअर न्यूट्रलला यायचा. बाकी गिअर शांत, त्यामुळे संशय बेअरिंगपेक्षा तिसऱ्याच्याच दातांवर.

भंगारबाजारातला जुना बॉक्स लवकर बसतो, गाडी फार दिवस उभी राहत नाही. पण त्याच्या आतला फोर्क, म्हणजे गिअर टाकताना सरकणारा काटा, किती झिजलाय हे बाहेरून कळत नाही. निदान वरचं कव्हर उघडून दाखवायला सांगावं, दुकानदार कुरकुरतोच.

आम्ही आपलाच बॉक्स खोलला. फोर्कचं टोक एका बाजूने घासून पातळ झालं होतं. त्यामुळे गिअरला शाफ्टशी जोडणारी स्लीव्ह पूर्ण सरकत नव्हती आणि ती अर्धवट अडकून डॉग दातांच्या, म्हणजे गिअरवरच्या ज्या छोट्या दातांत ती बसते त्यांच्या, कडा गोल झाल्या होत्या. अशा दातांवरून स्लीव्ह मागे घसरते. गिअर टाकताना वेग जुळवणारी सिंक्रोनायझर रिंगही झिजून गिअरला जवळजवळ टेकली होती. फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, आत जाईना. नुसती रिंग बदलली असती तर गिअर टाकतानाची करकर थांबली असती, उडणं नाही. म्हणून फोर्क, स्लीव्ह, रिंग आणि तिसऱ्याची जोडी, दोन्ही चाकं, एकदमच बदलली. एकच चाक नवं टाकलं तर जुन्या दातांशी जुळत नाही, पुन्हा रडतं.

हाऊसिंगमधली बेअरिंगची बैठकच सैल झाली असती, तर मात्र मी दुसरा बॉक्सच घेतला असता.