ड्युअल सिम फोन, आठ महिन्यांनंतर: कॅमेरा उत्तम, पण मोटरचा मेसेज कुठल्या सिमवरून जातो ते बघा

बॅटरी, कॅमेरा, स्क्रीन यांबद्दल सगळ्यांनी लिहिलंय आणि माझीही तक्रार नाही. मला बोलायचंय ते ठरल्या वेळी आपोआप जाणाऱ्या मेसेजबद्दल. आमच्या फिडरला थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरला मेसेज गेला की मोटर चालू होते, पण स्टार्टर फक्त नोंदवलेल्या नंबरचंच ऐकतो. आमचा तो नंबर सिम २ मध्ये, कमी पैशांच्या रिचार्जवर.

गूगल मेसेजेसमध्ये पाठवायचं बटण दाबून धरलं की वेळ लावता येते आणि तिथेच सिमही निवडता येतं. पण तो मेसेज एकदाच जातो, रोजचा लागत नाही. म्हणून मी टर्मक्स घेतलं, म्हणजे लिहून ठेवलेल्या कमांड रोज ठरल्या वेळी चालवता येतात ते ॲप. दुसऱ्याच आठवड्यात ऊस कोरडा राहिला. फोनवर ‘पाठवला’ असं दिसत होतं, मोटर मात्र बंद. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी फोन रिसेट करायला सांगितलं. अर्धा दिवस आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल फुकट गेलं.

कारण फोनच्या सिम सेटिंगमध्ये होतं. तिथे मेसेजसाठी सिम १ डीफॉल्ट होतं. ॲपने सिम सांगितलं नाही तर मेसेज त्याच सिमवरून जातो, आणि अनोळखी नंबरचा मेसेज स्टार्टर सोडून देतो. ‘दरवेळी विचारा’ ठेवलं तर आणखी वाईट, कारण रात्री अकराला विचारलं तर उत्तर द्यायला कोण जागं असतं? या टप्प्यावर फोन विकायचाच विचार होता.

मग ही ओळ सापडली:

```
termux-sms-send -n "$STARTER" -s 1 "MOTOR ON"
```

`$STARTER` च्या जागी स्टार्टरचा नंबर येतो. `-s` म्हणजे सिमचा खाचा, आणि मोजणी शून्यापासून. म्हणजे `-s 1` हा दुसरा खाचा. (मेसेजचे शब्द तुमच्या स्टार्टरच्या पुस्तिकेप्रमाणे लिहा.) सिम हरवून त्याच नंबरचं नवं घेतलं, तरी त्याच खाच्यात बसवल्यावर ही ओळ बदलावी लागत नाही. उलट दोन्ही सिमची अदलाबदल केली की ती निमूटपणे चुकीच्या नंबरवरून मेसेज पाठवते. टर्मक्सच्या एपीआय ॲपला, म्हणजे मेसेज प्रत्यक्ष पाठवणाऱ्या त्याच्या जोड-ॲपला, मेसेजबरोबर फोनचीही परवानगी दिली नसेल, तर `-s` लावलेला मेसेज काहीही न सांगता अडतो. बॅटरी बचतीतूनही टर्मक्सला वगळावं लागतं.

खात्री करायची तर फोनवरच्या ‘पाठवला’वर जाऊ नका. हीच ओळ आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा आणि तिथे कोणता नंबर उमटतो ते पाहा. सिम २ चा दिसला की मगच स्टार्टरचा नंबर घाला.

तेव्हापासून मोटर वेळेवर चालू होते. फोन आता विकणार नाही. पण सिम २ चं रिचार्ज संपलं की मेसेज जाणं बंद होतं, म्हणून ती तारीख कॅलेंडरमध्ये दोन दिवस आधीच टाकून ठेवलीय.