आठ महिने वापरून: चेहराबदलाच्या मॉडेलसमोर हात आडवा आला की

शॉट नंबर १४ मध्ये ताईंच्या बदली उभी असलेली मुलगी हसता हसता तोंडावर हात ठेवते. पहिल्या रेंडरमध्ये ताईंचे ओठ तिच्या बोटांच्या वर येऊन हसत होते. एडिटरने फोनवर एवढंच विचारलं, "अरे, हे भूत कुठून आणलंस?" शॉट जेमतेम एका सेकंदाचा, २५ फ्रेमचा.

जुळ्या बहिणींची लघुफिल्म आहे. ताई दोन्ही भूमिकांत, दुसऱ्या बहिणीच्या जागी उभी राहणारी मुलगी वेगळी, आणि तिच्यावर ताईंचा चेहरा बसवायचा; दोघींची लेखी परवानगी आहे. चेहरा बसवणाऱ्या मॉडेलबद्दल माझी तक्रार नाही. माझी सगळी लढाई मास्कच्या मॉडेलशी झाली. मास्क जिथे 'चेहरा' म्हणेल तिथेच नवा चेहरा चिकटतो, म्हणून बोटं चेहऱ्याच्या पुढे आहेत हे त्यालाच कळायला हवं. रोटो करणाऱ्या, म्हणजे फ्रेम-फ्रेम हाताने मास्क काढणाऱ्या मित्राने फ्रेममागे जो दर सांगितला, तो ऐकून मी म्हटलं, मॉडेलला आपणच शिकवू. घरी जुनं १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, वीजबिल तेवढं वाढेल.

कृती अशी: स्वच्छ चेहऱ्यांच्या फोटोंवर यादृच्छिक हात आणि वस्तू चिकटवायच्या आणि तेवढा भाग लेबलमधून, म्हणजे 'इथे चेहरा आहे' सांगणाऱ्या नकाशातून, वजा करायचा. चेहऱ्यांसाठी सेलेबएमास्क-एचक्यू हा फोटोसंच घेतला. त्यात ३०,००० फोटो आणि लेबलांचे १९ वर्ग आहेत, पण हाताचा वर्ग नाही. म्हणजे ज्या फोटोंत मुळातच गालावर हात आहे, ते आधी वेचून बाजूला काढावे लागतात. मी आळस करून ते केलं नाही आणि पुढे तीन आठवडे भोगलं. हात इलेव्हन-के हँड्स या फोटोसंचातून घेतले: १९० माणसांचे ११,०७६ फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, तळहात आणि पाठ दोन्ही बाजूंनी. निम्मे फोटो मुद्दाम कोरे ठेवले, कारण प्रत्येक चेहऱ्यावर काहीतरी चिकटवलं तर मॉडेल रिकाम्या गालावरही हात शोधत बसतं.

पहिल्या महिन्यात मी मित्रांना ही चिकटवण्याची कृती डोळे झाकून घ्या म्हणून सांगत होतो. कृत्रिम फोटोंवर आकडे झकास येत होते. खऱ्या शॉटवर चालवलं तर बोटं अर्धी गायब.

कारण शोधताना एक फोटो ४०० टक्के मोठा करून पाहिला. चिकटवलेल्या प्रत्येक हाताभोवती एका पिक्सेलची पांढरी कड होती. कापताना आणि लहान करताना मागचा पांढरा रंग काठात मिसळला होता. मॉडेल हात शिकलंच नव्हतं, ते पांढरी कड शोधायला शिकलं होतं! शूटिंगमधल्या हाताला अशी कड कुठून असणार? हाताचा अल्फा, म्हणजे त्याच्या पारदर्शकतेचा नकाशा, दोन पिक्सेल आत कुरतडला आणि मग हलका धूसर केला, तेव्हा हे दुखणं गेलं. आकडे घसरले, पण खरे झाले. दुसऱ्या महिन्यात माझं मत इथे बदललं: ही कृती चांगली आहे, पण चिकटवण्यात कुठे खोट राहिली की मॉडेल ती अचूक पकडून तेवढंच शिकतं.

दुसरी खोट रंगाची, आणि यावर मी गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे. चेहरा एकाचा, हात दुसऱ्याचा. दोघांच्या कातडीचा रंग वेगळा असेल तर मॉडेल 'रंग बदलला की ती आड येणारी वस्तू' एवढंच लक्षात ठेवतं. शॉट १४ मध्ये हात आणि चेहरा एकाच मुलीचे, एकाच ट्यूबलाइटखाली. म्हणजे सगळ्यात अवघड प्रकार तोच, आणि माझ्या डेटात तोच नव्हता. चेहरा झाकणाऱ्या वस्तूंच्या कृत्रिम डेटावरच्या व्हू, जियांग आणि लॉय यांच्या २०२२ च्या निबंधात हाताचा रंग चेहऱ्याशी जुळवून मग चिकटवला आहे. मी वाचून पुढे गेलो होतो, ही शोभेची गोष्ट वाटली होती. मग लॅब नावाच्या रंगपटात, जिथे उजेड आणि रंग वेगळे मोजतात, हाताची सरासरी आणि पसारा चेहऱ्याच्या कातडीशी जुळवणारा साधा कोड लिहिला. प्रत्येक हाताला नाही, तीनपैकी दोघांना. त्या एका बदलाने बोटांची टोकं परत आली. आधीच्या दोन महिन्यांत जितकी वीज जाळली, तिचा हिशेब बायकोला अजून सांगितलेला नाही.

तिसरी खोट सावलीची. खरा हात गालावर सावली पाडतो, चिकटवलेला पाडत नाही. त्यामुळे मॉडेल सावलीलाही हात समजून कापत होतं आणि गालावर त्या मुलीचा मूळ चेहरा अर्धचंद्रासारखा डोकावत होता. उपाय असा: सावली पाडायची, पण लेबलमध्ये तो भाग चेहराच ठेवायचा. `a` म्हणजे हाताचा अल्फा, ० ते १:

```python
sh = cv2.GaussianBlur(np.roll(a, (6, 4), (0, 1)), (31, 31), 0)
face = face * (1 - 0.4 * sh[..., None])
img = a[..., None] * hand + (1 - a[..., None]) * face
label = face_mask * (a < 0.5)
```

सावलीची दिशा आणि गडदपणा दर फोटोला बदलायला हवा, इथे सोपं करून लिहिलंय.

मोजमापाबद्दलही एक सांगायलाच हवं. समजा दिसणारा चेहरा ३९,००० पिक्सेलचा आहे आणि त्याच्या आड आलेली बोटं १,००० पिक्सेलची. मॉडेलने बोटं पूर्ण चुकवली, सगळी चेहऱ्यात धरली, तरी आयओयू, म्हणजे खऱ्या आणि मॉडेलच्या मास्कचा सामाईक भाग भागिले दोघांचा मिळून भाग, ३९,००० भागिले ४०,००० येतो, म्हणजे ९७.५ टक्के. हा आकडा बघून मी खूश होत होतो! आता फक्त बोटांभोवतीच्या पट्ट्यात मोजतो, तेही स्वतः रोटो केलेल्या १२० खऱ्या फ्रेमवर, ज्या ट्रेनिंगमध्ये कधीच घालत नाही. शिवाय मास्क हिरव्या रंगात शॉटवर पसरवून चालवून बघतो, कारण दर दुसऱ्या फ्रेमला बोट येतं-जातं हे सरासरीत दिसत नाही.

सर्जिकल मास्क मात्र दोन दिवसांत सुटला. चौकोन चिकटवून काम झालं नाही, कारण खरा मास्क चेहऱ्याच्या आकाराला धरून बसतो. नाकाच्या मध्यापासून हनुवटीपर्यंत लँडमार्कवर, म्हणजे चेहऱ्याच्या खुणेच्या बिंदूंवर, ओढलेला बहुकोन, वर कापडाचा पोत, आणि झालं. पोतांसाठी डीटीडी हा फोटोसंच घेतला, त्यात ४७ प्रकारचे ५,६४० फोटो आहेत.

केस हे माझं अपयश. कपाळावर येणाऱ्या बटेला ० किंवा १ असं लेबल देताच येत नाही, अर्धा पिक्सेल केस आणि अर्धा कपाळ. बटा चिकटवून, मऊ अल्फाच लेबल म्हणून देऊन पाहिलं, तर मॉडेल भुवयांच्या टोकांनाही केस म्हणून कापू लागलं. शेवटी ताईंच्या केशभूषाकाराला सांगून उरलेल्या शूटिंगमध्ये बट मागे पिनने लावली. बारा रुपयांच्या पिना.

एक चांगला धक्का मात्र बसला. लग्नाच्या शॉटमध्ये नथ आहे, आणि ट्रेनिंगमध्ये नथ एकदाही नव्हती. मॉडेलने ती वस्तू म्हणून ओळखून बाहेर ठेवली, मोत्यांसकट. टिकली मात्र चेहऱ्यात धरली, आणि नव्या चेहऱ्याबरोबर ताईंची टिकली दोन मिलिमीटर वर सरकली. ती आता हाताने खाली आणतोय, ३१० फ्रेम आहेत, आज ४६ झाल्या.