विक्रीच्या नोंदीवरून माल भरतोय, आठ महिने झाले

परभणी जिल्ह्यात मोंढ्याजवळ आमचं मोटारपंप, पाइप आणि सुट्या भागांचं दुकान आहे. आठ महिन्यांपासून बिलांची यादी शीटमध्ये घेऊन कोणता माल पळतो आणि कोणता पडून राहतो ते पाहतो, आणि त्यावरूनच ऑर्डर देतो.

पहिल्यांदा मी नग मोजले आणि तिथंच फसलो. 90 दिवसांत 63 मिमीचे 240 पाइप गेले होते, ते यादीत सगळ्यात वर आले. मी लगेच आणखी 120 मागवले. नंतर बिलं उघडून पाहिली तर अख्ख्या विक्रीची बिलं तीनच, आणि त्यातले 200 पाइप एकाच ठेकेदाराचे. त्याचं काम संपलं, माझे 50 हजारांवर पैसे मागच्या शेडमध्ये अडकले. त्याच काळात स्टार्टरचे कपॅसिटर फक्त 40 गेले होते, पण बिलं 36 होती. रोजचं गिऱ्हाईक तिथं होतं.

तेव्हापासून नग नाही, बिलं मोजतो. तारीख A मध्ये, मालाचं नाव B मध्ये:

```
=COUNTIFS(B:B,"कपॅसिटर",A:A,">="&TODAY()-90)
```

25 च्या वर बिलं असली की पळता माल, 6 च्या खाली पडता. हे आकडे माझ्या दुकानापुरते. एक सांभाळा: बिलावर कुणी ‘कपॅसिटर’, कुणी ‘कंडेन्सर’ लिहिलं की एकच माल दोन ठिकाणी मोजला जातो आणि दोन्हीकडं कमी दिसतो. नावं एकसारखी करण्यातच माझे चार दिवस गेले.

दुसरी चूक कळायला जास्त वेळ लागला. त्या 90 पैकी 30 दिवस कपॅसिटर दुकानात नव्हतेच. “मालक, कपॅसिटर हाय का?” विचारून माणसं शेजारी गेली, त्याचं बिल कुठून येणार? 40 ला 90 नं भागलं तर दोन दिवसाला एकही नग पडत नाही. माल असलेल्या 60 दिवसांनी भागलं तर तीन दिवसाला दोन पडतात. संभाजीनगरहून माल यायला 6 दिवस लागतात, तेवढ्यात 4 जातात. आणखी 4 हाताशी असावेत म्हणून 8 उरले की ऑर्डर देतो. माल संपल्याची तारीख आता पोरगा वहीत टिपतो.

हंगाम मात्र या हिशेबात येत नाही. फवारणी पंपाचे नोझल मार्चमध्ये पडता माल दिसतात, जुलैत कपाशीवर फवारणी सुरू झाली की पुरत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी मागच्या वर्षीचे तेच तीन महिने बघतो.

आणि मोठ्या पंपाचे दोन-तीन सील, वर्षात एखादं बिल होणारे, मी काढले नाहीत. प्रत्येकी एक नग ठेवतो. उभ्या पिकाचं पाणी थांबलेला माणूस 6 दिवस थांबू शकत नाही.